बिल चुकीच्या पार्टीच्या नावावर गेलं: रद्द करून नवीन बनवू की क्रेडिट नोट?

जांभाचिरा (रत्नागिरी) · १६ जून, सकाळी ९:४०

नमस्कार मंडळी. पत्रे, पाइप, सिमेंटचं दुकान आहे. मे महिन्याअखेरीस पावसाच्या तोंडावर पत्र्यांची गर्दी असते, त्यात हे झालं.

आमच्याकडे एकाच नावाच्या दोन पार्ट्या आहेत, एक चिपळूणची आणि एक गुहागरची. नाव अक्षरशः एकच, देवाचं. मालक वेगळे, एकमेकांशी काही संबंध नाही. २८ मे रोजी गुहागरच्या पार्टीला पत्रे पाठवले. टॅलीच्या यादीत वर आलेलं नाव निवडलं गेलं आणि ते निघालं चिपळूणच्या पार्टीचं. माल १,२०,००० चा, त्यावर १८ टक्के, म्हणजे सीजीएसटी १०,८०० आणि एसजीएसटी १०,८००. एकूण १,४१,६००. ई-वे बिलही चिपळूणच्याच नावाने निघालं. टेम्पो मात्र जयगडच्या फेरीबोटीने तवसाळला उतरून बरोबर गुहागरच्या दुकानात गेला, माल उतरला, पैसेही गुहागरवाल्यांनी दिले.

मेचं जीएसटीआर-१ आम्ही १० जूनला भरलं. काल गुहागरहून फोन आला की बिल त्यांच्या क्रेडिटच्या यादीत, २बी मध्ये, दिसत नाही. तेव्हा उलगडा झाला.

आता एक जण सांगतो बिल रद्द करून नवीन बनवा. दुसरा म्हणतो रद्द होणार नाही, क्रेडिट नोट काढा. आमचे सीए बाहेरगावी आहेत, परवा येतील. ३बी २० तारखेच्या आत भरायचं आहे. ई-इनव्हॉइस आम्हाला लागू नाही. रिटर्न दर महिन्याला भरतो.

---

राजापूर_खतावणी · सकाळी १०:०५

सोपं आहे हो. टॅलीत त्या व्हाउचरवर जाऊन `Alt+X` करा, व्हाउचर रद्द होईल, नंबर शिल्लक राहील. मग गुहागरच्या नावाने नवीन नंबरचं बिल काढा. जीएसटीआर-१ च्या तेराव्या तक्त्यात रद्द बिलांचा आकडा द्यायचा असतो, तिथे एक वाढवा. `Alt+D` मात्र चुकूनही करू नका. त्याने व्हाउचर पुसलं जातं आणि नंबरिंग ऑटोमॅटिक असेल तर पुढचे नंबर सरकू शकतात. मग पार्टीच्या हातातल्या बिलावर एक नंबर आणि तुमच्या वहीत दुसरा.

मी इतकी वर्षं असंच करतो, कधी अडचण आली नाही.

---

खाडीपलीकडे (चिपळूण, करसल्लागार) · सकाळी १०:५०

राजापूरकर, `Alt+D` बद्दल तुम्ही सांगितलंत ते सोन्यासारखं आहे. पण बाकीचा सल्ला जीएसटीआर-१ भरण्यापूर्वीचा आहे. तोपर्यंत बिल फक्त आपल्या वहीत असतं. सगळ्या प्रती परत घ्या, त्यावर "रद्द" लिहा, फाइलला लावा, नवीन बिल द्या, विषय संपतो. तुम्हाला अडचण आली नाही, कारण तुमच्या चुका त्याच महिन्यात सापडल्या असणार.

इथे १० तारखेला रिटर्न गेलंय. म्हणजे ते बिल आता पोर्टलवर चिपळूणच्या पार्टीच्या खात्यात आहे. तुम्ही टॅलीत शंभर वेळा `Alt+X` केलंत तरी पोर्टलला त्याचा पत्ता लागत नाही. उलट जूनमध्ये गुहागरच्या नावाने नवीन बिल भरलंत तर एकाच मालावर दोनदा कर दिसेल, एकदा मेमध्ये, एकदा जूनमध्ये. २१,६०० रुपये विनाकारण अंगावर येतील.

जांभाचिरा, एक विचारतो. दोन्ही पार्ट्यांचे जीएसटीआयएन वेगळे आहेत ना? पॅनसुद्धा वेगळे?

---

जांभाचिरा · सकाळी ११:१०

हो. सुरुवातीचे २७ सोडले तर काहीच जुळत नाही. पॅन वेगळे.

---

तारकर्ली_न्याहारी (मालवण) · सकाळी ११:२५

माझापण नावाचोच घोळ आसा. आमच्याकडे होमस्टे आहे. गेल्या आठवड्यात पुण्याचे पाहुणे राहून गेले, बिल त्यांच्या स्वतःच्या नावावर दिलं. आता ते फोन करून म्हणतात, कंपनीच्या नावाने आणि कंपनीच्या जीएसटी नंबरने करून द्या. मीपण क्रेडिट नोट काढू काय?

---

खाडीपलीकडे · सकाळी ११:४५

ताई, तुमचं सोपं आहे. मुक्काम याच महिन्यातला, म्हणजे अजून रिटर्नमध्ये गेलेला नाही. आधीचं बिल परत मागवा, रद्द करा, कंपनीच्या नावाने नवीन काढा. आधी एवढी खात्री करा की ती खोली खरंच कंपनीच्या कामासाठी कंपनीने घेतली होती. सहलीला आलेल्या कुटुंबाचं बिल केवळ त्यांनी मागितलं म्हणून कंपनीच्या नावावर टाकू नका. पैसे कुणाच्या खात्यातून आले तेही बघून घ्या.

आणि नुसतं नावाचं स्पेलिंग चुकलं असेल, समोरच्याकडे जीएसटी नंबर नसेल, तर रिटर्नमध्ये अशी छोटी बिलं एकत्र बेरजेने जातात. तिथे नाव दिसतच नाही. दुरुस्त प्रत दिली की झालं.

आता मूळ प्रश्नाकडे येतो.

नाव चुकणं दोन तऱ्हेचं असतं आणि दोन्हींचा इलाज वेगळा. पहिल्यात जीएसटीआयएन बरोबर असतो, फक्त नाव चुकीचं छापलेलं असतं. "ट्रेडर्स"च्या जागी "ट्रेडिंग", किंवा दुकानाच्या जागी मालकाचं नाव. पोर्टल जीएसटीआयएनवर चालतं. क्रेडिट बरोबर माणसालाच जातं. तिथे ना रद्द करायचं, ना क्रेडिट नोट काढायची. त्याच नंबरची, त्याच तारखेची दुरुस्त प्रत द्या, टॅलीत लेजर नीट करा, संपलं. लोक इथेच घाबरून क्रेडिट नोट काढतात आणि साधं काम वाढवून ठेवतात.

दुसऱ्या तऱ्हेत जीएसटीआयएनच दुसऱ्याचा असतो. तुमचं तसं आहे. म्हणजे कर योग्य भरलाय, योग्य महिन्यात भरलाय, रक्कम बरोबर, माल बरोबर. फक्त क्रेडिट दुसऱ्याच्या घरी गेलंय. अशा वेळी मी क्रेडिट नोटेच्या वाटेला जात नाही. जूनचं जीएसटीआर-१ भराल, तेव्हा ९ए तक्त्यात, `Amended B2B Invoices` मध्ये, मागचं आर्थिक वर्ष नाही तर चालू वर्ष निवडून हा बिल नंबर टाका. जुनं बिल उघडेल. त्यात फक्त जीएसटीआयएन बदला. नंबर तोच, तारीख तीच, रक्कम तीच. जूनच्या २बी मध्ये चिपळूणच्या पार्टीकडून ते क्रेडिट निघतं आणि गुहागरच्या पार्टीकडे जातं. तुमचा कर एक रुपयाने हलत नाही.

पण हे एकदाच करता येतं. एका बिलाची दुरुस्ती परत दुरुस्त होत नाही. म्हणून गुहागरच्या पार्टीकडून नोंदणी प्रमाणपत्राचा फोटो मागवा आणि पंधराही अक्षरं त्यावरून टाका. फोनवर ऐकून टाकू नका. बी आणि डी, पाच आणि एस यांत गल्लत होते.

---

कुडाळ_एमआयडीसी · दुपारी १२:३०

९ए साठी जुलैपर्यंत का थांबायचं? आता जीएसटीआर-१ए आलंय की. २०२४ पासून आहे. जीएसटीआर-१ भरल्यानंतर आणि ३बी भरण्यापूर्वी त्याच महिन्यात दुरुस्ती होते. आज १६ तारीख आहे, वेळ आहे.

---

खाडीपलीकडे · दुपारी १२:५०

मीही तसंच समजलो होतो. रक्कम, दर, राहिलेलं बिल यासाठी १ए उत्तम आहे. पण घेणाऱ्याचा जीएसटीआयएन १ए मध्ये बदलता येत नाही. तो पुढच्या महिन्याच्या जीएसटीआर-१ मध्येच बदलावा लागतो. म्हणजे नेमकी हीच चूक त्या सोयीतून वगळलेली आहे.

---

कुडाळ_एमआयडीसी · दुपारी १:१५

अच्छा. हे माहीत नव्हतं, बरं झालं. आमच्याकडे ई-इनव्हॉइस आहे, त्यामुळे आमचं वेगळ्या पद्धतीने अडतं. तेही सांगतो, कुणाला उपयोग होईल. आयआरएन निघाल्यापासून २४ तासांच्या आत रद्द करता येतो, नंतर नाही. आणि त्यावर ई-वे बिल चालू असेल तर आधी ते रद्द करावं लागतं, त्यालाही २४ तासच. वाटेत अधिकाऱ्याने ई-वे बिल तपासलं असेल तर तेही रद्द होत नाही. शिवाय रद्द केलेला बिल नंबर परत वापरता येत नाही, पोर्टल नाकारतं. म्हणून आमच्याकडे नियम केलाय की संध्याकाळी गेट बंद होण्यापूर्वी दिवसभराची बिलं पार्टी आणि जीएसटीआयएन समोरासमोर ठेवून एकाने वाचायची. सकाळी चूक सापडली तर बहुतेक वेळा २४ तास संपायला थोडाच वेळ असतो.

---

कलम_वाचक · दुपारी २:२०

मला ९ए पटतं, पण क्रेडिट नोट चुकीचीच असं म्हणणंही मला मान्य नाही. कलम ३४ मध्ये क्रेडिट नोटेची कारणं दिलेली आहेत: बिलात किंमत किंवा कर जास्त लागला, माल परत आला, माल किंवा सेवा कमी पडली. चुकीचं नाव त्यात शब्दशः नाही, हे खरं. पण चिपळूणच्या पार्टीला माल गेलाच नाही. मग त्यांच्या नावावर लावलेला कर शून्य असायला हवा होता आणि लावला २१,६००. म्हणजे जास्त लावला. या वाचनाने क्रेडिट नोट बसते. बरेच सीए असंच करतात आणि मी तरी त्यावरून नोटीस आलेली पाहिलेली नाही.

---

खाडीपलीकडे · दुपारी ३:००

वाचन म्हणून ते चालेल, मी भांडणार नाही. माझी अडचण व्यवहारातली आहे. ती याच बिलावर दाखवतो.

समजा आज, १६ जूनला, चिपळूणच्या नावाने १,४१,६०० ची क्रेडिट नोट काढली आणि आजच गुहागरच्या नावाने नवीन बिल काढलं. जूनच्या रिटर्नमध्ये २१,६०० वजा आणि २१,६०० अधिक, निव्वळ शून्य. इथवर ठीक. पण गुहागरच्या दुकानात माल २९ मेला उतरला, त्यांच्या स्टॉकमध्ये मेमध्ये आला, त्यातले पत्रे त्यांनी विकलेही असतील. आणि खरेदीचं बिल १६ जूनचं! खरेदीआधीच विक्री दिसते. तुमच्याकडे बघा, माल हलला मेमध्ये आणि बिल जूनमध्ये. वस्तूंचं बिल माल हलवताना किंवा त्याआधी निघालं पाहिजे. ई-वे बिलावरचा बिल नंबर जुना, गुहागरच्या हातातला नंबर नवा. दोन वर्षांनी कुणी कागद मागितले तर ही साखळी समजावत बसावं लागेल.

दुसरी गोष्ट आयएमएसची, म्हणजे पोर्टलवर घेणारा आपल्या नावावर आलेली बिलं स्वीकारतो किंवा नाकारतो त्या जागेची. क्रेडिट नोट चिपळूणच्या पार्टीच्या आयएमएसमध्ये जाऊन पडते. त्यांना हा व्यवहारच माहीत नाही. त्यांच्या हिशोबनीसाने "ही कसली क्रेडिट नोट?" म्हणून ती नाकारली, तर ती रक्कम तुमच्या पुढच्या ३बी मध्ये देणं म्हणून परत चढते. तुमची काही चूक नसताना तिऱ्हाइताच्या एका क्लिकवर २१,६०० लटकतात.

९ए मध्ये बिलाचा नंबर आणि तारीख न बदलल्याने पहिली अडचण येतच नाही. दुसरी अगदी संपते असं म्हणणार नाही. दुरुस्ती त्यांच्याही आयएमएसमध्ये दिसते, म्हणून फोन दोन्ही रस्त्यांत करावाच लागतो.

---

राजापूर_खतावणी · दुपारी ३:२५

खाडीपलीकडे, दोनदा कर दिसण्याचा मुद्दा पटला. माझी बिलं खरंच त्याच महिन्यातली होती.

पण मग चिपळूणवाल्यांनी हे क्रेडिट घेतलं असेल तर? मेचं २बी १४ तारखेला तयार झालंय. त्यांनी काहीच केलं नसेल तर बिल आपोआप स्वीकारलेलं धरतात ना?

---

खाडीपलीकडे · दुपारी ३:४०

बरोबर, तसंच धरतात. म्हणूनच जांभाचिरा यांनी सगळ्यात आधी, आजच, चिपळूणला फोन करावा. त्यांनी मेचं ३बी अजून भरलं नसेल तर आयएमएसमध्ये जाऊन ते हे बिल नाकारू शकतात आणि २बी पुन्हा तयार करून घेऊ शकतात. मग क्रेडिट त्यांच्याकडे येतच नाही. भरलं असेल तर त्यांनी मेमध्ये २१,६०० जास्त घेतलेत. तुमची दुरुस्ती आल्यावर ते त्यांना सोडावे लागतील, आणि वापरले असतील तर व्याजाचा प्रश्न त्यांच्या दारात जाईल. त्यांचा काही दोष नाही, म्हणून हे त्यांना नीट, लेखी कळवा. व्हॉट्सॲपवर पुरे नाही, ईमेल करा. बिल नंबर, तारीख, रक्कम, "हा माल आपल्याला पाठवलेला नाही" एवढं लिहा.

---

तेरेखोल_काठ (सावंतवाडी) · संध्याकाळी ५:१०

आमच्या भागात अजून एक प्रकार होतो, तो यात मिसळू नये म्हणून लिहितो. आमच्या एका गिऱ्हाइकाची दुकानं सावंतवाडीतही आहेत आणि पेडण्यातही. पॅन एकच, पण एक नंबर २७ ने सुरू होतो आणि दुसरा ३० ने. माल गेला पेडण्याला, बिल निघालं सावंतवाडीच्या नंबरावर, सीजीएसटी-एसजीएसटी लावून. नाव तेच असल्याने कुणाच्या लक्षात आलं नाही.

तिथे नुसता जीएसटीआयएन बदलून भागत नाही, कारण करच चुकीच्या खात्यात गेलाय. गोव्याला गेलेल्या मालावर आयजीएसटी हवा होता. आमच्या सीएंनी तिथे पूर्ण क्रेडिट नोट काढून आयजीएसटीचं बिल करायला लावलं. त्यांचं म्हणणं, इथे कर खरोखरच जास्त लावला गेला होता, म्हणून कलम ३४ सरळ बसतं.

---

कलम_वाचक · संध्याकाळी ५:३०

हे उदाहरण छान आहे. कर बदलत असेल तर क्रेडिट नोट, कर तोच आणि माणूस बदलत असेल तर ९ए. एवढी विभागणी मलाही मान्य. वेळेची मर्यादा दोन्हीला सारखीच आहे: वर्ष संपल्यानंतरचा ३० नोव्हेंबर किंवा वार्षिक विवरणपत्र भरल्याची तारीख, जे आधी असेल ते.

---

देवगड_बाग · संध्याकाळी ६:१५

ती मर्यादा उलटली तर काय होतं ते आम्ही भोगलंय. २०१८-१९ मध्ये आम्हाला खोके आणि औषधं पुरवणाऱ्याने आमची बिलं दुसऱ्याच नंबरावर टाकली होती. कळलं तेव्हा दुरुस्तीची मुदत गेलेली. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये १८३ क्रमांकाचं परिपत्रक आलं. त्यात २०१७-१८ आणि २०१८-१९ साठी पुरवठादाराचं प्रमाणपत्र चालत होतं, आणि एका पुरवठादाराकडचा फरक वर्षात पाच लाखांच्या वर असेल तर सीएचं. पुरवठादार भला माणूस, त्याने लिहून दिलं म्हणून सुटलो. ती सवलत जुन्या वर्षांची होती, आता त्यावर विसंबू नका.

---

जांभाचिरा · संध्याकाळी ७:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. चिपळूणला बोललो. त्यांचं मेचं ३बी अजून व्हायचं आहे. त्यांच्या ताई हिशोब बघतात, त्या म्हणाल्या उद्या बिल नाकारते, आधी मेल पाठवा. मेल पाठवला. गुहागरवाल्यांना सांगितलं की मेमध्ये हे क्रेडिट धरू नका, जुलैच्या १४ तारखेला २बी मध्ये दिसेल. ते थोडे नाराज आहेत, २१,६०० एक महिना अडकले म्हणून. त्यांचंही बरोबर आहे.

दोन शंका राहिल्या. गुहागरला दुरुस्त प्रत त्याच नंबराने द्यायची, पण टॅलीत मे महिन्याचं व्हाउचर उघडून पार्टी बदलायची का? आणि ई-वे बिलाचं काय करायचं? त्यावर चिपळूणचं नाव आणि पत्ता आहे, टेम्पो गेला गुहागरला.

---

खाडीपलीकडे · रात्री ८:२०

टॅलीत हो, त्याच व्हाउचरमध्ये पार्टी बदला. खाली नरेशनमध्ये लिहा की मूळ नोंद कुणाच्या नावाने होती, कधी बदलली आणि जूनच्या ९ए मध्ये दुरुस्ती आहे. बदलण्यापूर्वी जुन्या बिलाची छापील प्रत काढून ठेवा आणि डेटाचा बॅकअप घ्या. जूनचं रिटर्न तयार करताना टॅली हे बिल दुरुस्ती म्हणून दाखवतंय की नुसतंच मेमध्ये फेरफार म्हणून थांबतंय, ते बघा. दाखवत नसेल तर पोर्टलवर हाताने टाका, एकच बिल आहे.

ई-वे बिलाचं आता काही होणार नाही. २४ तास केव्हाच गेले. चिपळूणची पार्टी ७२ तासांत ते नाकारू शकली असती, तेही गेलं. सप्टेंबर २०१८ च्या ६४ क्रमांकाच्या परिपत्रकात किरकोळ चुकांना सवलत आहे, सीजीएसटी आणि एसजीएसटीचे पाचशे-पाचशे रुपये दंड भरून गाडी सुटते. पण तिथे अट आहे की नावाचं स्पेलिंग चुकलं तरी जीएसटीआयएन बरोबर हवा. तुमचं त्यात बसलं नसतं. वाटेत गाडी अडली असती तर प्रकरण कलम १२९ पर्यंत गेलं असतं. माल पोचलाय, तेव्हा आता पुरावा जपा: टेम्पोवाल्याची पावती, फेरीबोटीचं तिकीट असेल तर तेही, गुहागरवाल्यांची माल मिळाल्याची सही आणि त्यांच्या बँकेतून आलेले पैसे. हे चार कागद एका पिनेत, दुरुस्त बिलामागे.

---

कलम_वाचक · रात्री ८:५०

त्याच नंबराची दुरुस्त प्रत, यावर माझा आक्षेप नोंदवून ठेवतो. कायद्यात "सुधारित बिल" म्हणून जे आहे ते नोंदणी मिळण्याच्या आधीच्या काळासाठी आहे, अशा चुकांसाठी नाही. एकाच नंबराची दोन बिलं, दोन नावांनी, फिरत राहिली तर तो धोका आहे. निदान चिपळूणच्या नावाची प्रत टेम्पोवाल्याने कुणाला दिली होती ती परत मिळवा.

---

खाडीपलीकडे · रात्री ९:०५

परत मिळवा, यात दुमत नाही. बाकी मी दुरुस्त प्रतीवर "मूळ प्रतीऐवजी" असं छापून घेतो आणि जुनी प्रत फुली मारून फाइलला ठेवतो. ९ए मध्येच जीएसटीआयएन बदलायची सोय सरकारने दिलीय, तर त्या बदलाला कागद कुठला तरी लागणारच. पण तुमच्या आक्षेपाला माझ्याकडे कलमाचा आधार नाही, हे मान्य.

---

जांभाचिरा · रात्री ९:३०

चिपळूणच्या नावाची प्रत गुहागरच्याच दुकानात आहे, टेम्पोवाल्याने मालाबरोबर दिली होती. उद्या माणूस पाठवून आणतो. सीए आले की नंबराच्या मुद्द्यावर त्यांचं मत विचारून इथे लिहीन. टॅलीत दोन्ही लेजरच्या नावापुढे आजच गावाचं नाव जोडलंय.

---

तारकर्ली_न्याहारी · रात्री ९:४५

आमच्या पाहुण्यांनी पैसे स्वतःच्या गुगल पेवरून दिले होते. कंपनीचं पत्र मागितलंय. येता की नाय बघूया.